वेळापत्रकाचा तक्ता, एक्सेल की FET: जूनआधी काय निवडायचं?

नाशिकमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या माध्यमिक शाळेचा विचार करू. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे बारा वर्ग. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका, शनिवारी पाच, आठवड्याला 45. अट एकच वाटते: एकाच तासिकेला कोणी शिक्षक दोन वर्गांवर नको आणि एका वर्गावर दोन शिक्षक नकोत. अट खरोखर एवढीच असेल आणि कुणाचाही भार 45 च्या वर नसेल, तर वेळापत्रक नक्की बसतं. डेनेश केनिग या हंगेरियन गणितज्ञाच्या 1916 च्या प्रमेयातून ते सिद्ध होतं. घोळ सुरू होतो तो ‘या बाई याच वेळी येणार’ इथून.

आपल्या उदाहरणात संस्कृतच्या बाई तासिका तत्त्वावर आहेत. सकाळी पंचवटीतल्या आपल्या शाळेत, नंतर सिडकोतल्या दुसऱ्या शाळेत. आपल्याकडे त्या सोमवार, बुधवार, शुक्रवारी पहिल्या चार तासिकांना येतात, म्हणजे 12 जागा. आठवी, नववी, दहावीला प्रत्येकी चार संस्कृत तासिका, म्हणजे गरजही 12. त्यातून प्रत्येक इयत्तेच्या अ आणि ब या दोन्ही तुकड्या एकत्र येऊन संस्कृत आणि हिंदी अशा विभागतात. म्हणून बाई संस्कृतला असतील तेव्हा हिंदीचे सर हिंदीच्या गटावर हवेतच. दोन शिक्षक, दोन तुकड्या आणि दोन खोल्या एकाच वेळी अडकतात.

पुठ्ठ्याच्या तक्त्यावर रंगीत चिठ्ठ्या लावून हे दिसतं छान. सहा-सात वर्गांची शाळा असेल आणि कुणी अर्धवेळ नसेल, तर मी तक्ताच घ्यायला सांगेन. स्टाफरूममधला प्रत्येक जण तो वाचू शकतो, गैरहजेरीच्या दिवशी बदली तासिका लावायलाही तोच सोयीचा. पण बारा वर्गांत एक चिठ्ठी हलवली की पाच हलवाव्या लागतात, आणि चार दिवस खपूनही मांडणी बसत नाही तेव्हा ती अशक्य आहे की आपलीच चिकाटी कमी पडतेय, हे तक्ता सांगत नाही.

एक्सेलमध्ये ओळीत वर्ग, स्तंभात तासिका आणि घरात शिक्षकाचं लघुनाव लिहायचं. मग कंडिशनल फॉरमॅटिंगला हे सूत्र द्यायचं:

```
=AND(B2<>"",COUNTIF(B$2:B$15,B2)>1)
```

एकच नाव स्तंभात दोनदा आलं की दोन्ही घरं लाल. पण नावामागे चुकून एक स्पेस पडली, तर एक्सेल त्याला वेगळं नाव मानतं आणि टक्कर लपून राहते. म्हणून नावं टाइप न करता ड्रॉपडाउनमधून निवडा. भाषेच्या तासिकेत एका घरात दोन नावं लिहिली तरी हेच होतं. त्यावर उपाय म्हणजे बारा वर्गांखाली ‘संस्कृत’ आणि ‘हिंदी’ या दोन जादा ओळी घ्यायच्या (सूत्र 15 व्या ओळीपर्यंत आहे ते यासाठीच), शिक्षकांची नावं तिथे लिहायची आणि वर्गांच्या घरात फक्त ‘भाषा-अ’, ‘भाषा-ब’. एक्सेल चूक दाखवतं, मांडणी मात्र आपल्यालाच करावी लागते.

FET हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मांडणी स्वतः करतं. प्रत्येक तासिका शिक्षक, विषय आणि विद्यार्थी गटासह भरायची, बाईंच्या बंद वेळा द्यायच्या, इयत्तेचे संस्कृत आणि हिंदी गट पाडायचे आणि दोन्ही तासिकांना `A set of activities has same starting time` ही अट लावायची. माहिती भरायला वेळ जातो, इंग्रजी मेनूंची सवय करावी लागते. पण समजा, हिंदीचे सर 5 अ चे वर्गशिक्षक आहेत आणि हजेरीसाठी पाचवीच्या वर्गांची रोजची पहिली तासिका वर्गशिक्षकालाच असा शाळेचा आग्रह आहे. FET काही तासिकांवर अडून बसेल आणि कुठल्या ते दाखवेल. तिथे बोटांवर हिशेब करा: बाईंच्या 12 जागांपैकी पहिल्या तासिकेच्या 3 गेल्या, उरल्या 9, आणि लागतात 12. हे कुठल्याच साधनाने सुटणार नाही. एक तर वर्गशिक्षक बदला किंवा त्या तीन दिवशी 5 अ ची हजेरी दुसऱ्या कुणाकडे द्या.

म्हणून अर्धवेळ शिक्षक किंवा एकत्र भाषा तासिका असलेल्या दहा-बारा वर्गांच्या शाळेने FET घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तयार वेळापत्रक छापून भिंतीवर लावावं. सप्टेंबरात एखादे शिक्षक बदलून गेले, तर फाईल तशीच पुन्हा चालवू नका, सगळ्या शाळेचं वेळापत्रक उलटंपालटं होईल. आधी ज्या तासिका हलवायच्या नाहीत त्या FET मध्ये लॉक करा, मग चालवा.