पहिल्या ऑर्डरचा सिग्मा-डेल्टा बोर्ड: काही महिन्यांचा वापर आणि एक शिट्टी

हा बोर्ड अ‍ॅनालॉग सिग्नल डिजिटल करतो. इनपुट शॉर्ट करून हेडफोन लावला की त्यातून एक किलोहर्ट्झच्या आसपास बारीक शिट्टी येते. विक्रेत्याने प्रत्येक तक्रारीवर ‘पॉवर सप्लाय बदलून पाहा’ एवढेच उत्तर दिले, म्हणून बोर्डाच्या निम्म्या किमतीचा लिनिअर सप्लाय घेतला. शिट्टी तशीच राहिली.

बोर्डाची रचना अशी आहे:

```
x → (+) → [इंटिग्रेटर] → v → [कंपॅरेटर] → y → [डेसिमेशन]
    −↑                                  │
     └─────────── [१ बिट डॅक] ←─────────┘
```

क्लॉक १.०२४ मेगाहर्ट्झ, उपयोगाचा पट्टा ४ किलोहर्ट्झ. त्याला सेकंदाला किमान ८ हजार नमुने लागतात, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग १२८ पट. नुसत्या ओव्हरसॅम्पलिंगने एका बिटात मोजण्याच्या चुकीचा गोंगाट रुंद पट्ट्यात पसरतो आणि सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे २९ डेसिबल वर राहतो. लूपमुळे मात्र कंपॅरेटरच्या प्रत्येक निर्णयातली चूक e इंटिग्रेटरमध्ये शिल्लक राहून पुढच्या निर्णयात वजा होते:

```
y[n] = x[n-1] + e[n] - e[n-1]
```

सावकाश बदलणारी चूक या वजाबाकीत जवळजवळ नाहीशी होते, तर वेगाने बदलणारी वाढते. एकूण गोंगाट उलट दुप्पट होतो, परंतु तो वरच्या वारंवारतांकडे ढकलला गेल्यामुळे डेसिमेशनमधला फिल्टर त्याला कापतो आणि सैद्धांतिक आकडा ६६ डेसिबलच्या आसपास जातो. एवढ्या स्वस्त बोर्डाकडून याहून अधिक मागण्यात अर्थ नाही.

हे गणित चूक यादृच्छिक आहे असे गृहीत धरते. स्थिर इनपुटला ती तशी नसते. पूर्ण पल्ला ±१ धरून x = ०.२ दिल्यास v ची मूल्ये ०, −०.८, ०.४, −०.४, ०.८ आणि पुन्हा ० अशी येतात, आउटपुट + − + − + असे पाच नमुन्यांनी फिरत राहते. सरासरी बरोबर ०.२ येते, पण हा आकृतिबंध स्वतःच एक सूर असतो. शून्याजवळच्या इनपुटला त्याची वारंवारता x गुणिले क्लॉक एवढी असते. बोर्डाचा पल्ला ±२.५ व्होल्ट आहे. ऑप-अँपचा अवघा २.५ मिलिव्होल्ट ऑफसेट असला तरी १,०२४ हर्ट्झचा सूर निघतो.

पडताळणी सोपी आहे. इनपुटला पोटेन्शिओमीटर जोडून डीसी किंचित वाढवले की सूर चढतो, ऑफसेट धरून एकूण ५ मिलिव्होल्टला दुप्पट होतो. सप्लायची घरघर अशी चढत नाही. त्यामुळे बोर्डावरचा माझा राग निवळला, विक्रेत्यावरचा नाही, कारण ही पाच मिनिटांची तपासणी त्याने सुचवली असती तर सप्लायचे पैसे वाचले असते.

सध्या इनपुटला मुद्दाम ४० मिलिव्होल्ट ऑफसेट देतो आणि डिजिटल बाजूला तो वजा करतो. सूर सुमारे १६ किलोहर्ट्झवर जाऊन फिल्टरमध्ये अडकतो, आणि पल्ल्यातला दीड टक्काच खर्ची पडतो. आवाजासाठी एवढे पुरेसे आहे. तापमानासारखा संथ सिग्नल मात्र −४० मिलिव्होल्टजवळ रेंगाळला की शिट्टी परत पट्ट्यात येते. अशा कामासाठी दोन इंटिग्रेटरांचा, म्हणजे दुसऱ्या ऑर्डरचा बोर्ड घ्यावा, जास्त पैसे पडले तरी.