रेकॉर्डेड लेक्चरची वेळवार अनुक्रमणिका: दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

पेपरच्या आदल्या रात्री तासाभराच्या व्हिडिओत नेमकी जागा शोधण्याचा त्रास ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आमची बरीच लेक्चर्स ऑनलाइन होती आणि त्यांची रेकॉर्डिंग्ज मिळत होती. प्रत्येक लेक्चरची स्लाइडनिहाय, वेळेसकट अनुक्रमणिका करायची पद्धत मी दोन सेमिस्टर वापरली. त्यासाठी लागतं एवढंच: कमांडने चालणारं ffmpeg हे व्हिडिओचं साधन, एक स्प्रेडशीट आणि VLC हा व्हिडिओ प्लेअर. तिन्ही फुकट मिळतात.

स्लाइड बदलली की ते चित्र आणि वेळ ffmpeg टिपून देतो. बऱ्याच प्रयोगांनंतर माझी कमांड या रूपावर स्थिरावली:

```
ffmpeg -i lec07.mp4 -vf "crop=iw*0.8:ih:0:0,fps=1,select='eq(n,0)+gt(scene,0.03)',showinfo" -fps_mode vfr s_%03d.png 2> log.txt
```

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते कळलं, तर आपल्या रेकॉर्डिंगप्रमाणे तो बदलता येतो. `crop` उजवीकडचा पाचवा भाग कापून टाकतो, कारण आमच्या सरांचा कॅमेरा तिथे असायचा. तो भाग ठेवला तर सरांनी मान हलवली तरी नवी स्लाइड आली असं धरलं जातं. `scene` ही दोन फ्रेममधल्या फरकाची ० ते १ मधली संख्या आहे. सिनेमातले सीन तोडायला ०.३ ते ०.५ ठीक असतं, पण स्लाइडची पांढरी पार्श्वभूमी तशीच राहून फक्त अक्षरं बदलतात, म्हणून तिथे ०.०३ च्या आसपास उतरावं लागतं. `eq(n,0)` नसेल तर पहिली स्लाइड हमखास सुटते, कारण तिची तुलना करायला आधीची फ्रेमच नसते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो `fps=1` चा. काही शिक्षकांच्या स्लाइड हळूहळू विरघळत बदलतात. सेकंदाला पंचवीस-तीस फ्रेम तपासल्या तर शेजारच्या दोन फ्रेममधला फरक इतका बारीक असतो, की बदल झालाय हे कळतच नाही. सेकंदाला एकच फ्रेम घेतली की तोच बदल ठळक दिसतो, आणि कामही लवकर उरकतं. कधी कधी चित्रात दोन स्लाइड एकमेकींवर चढलेल्या दिसतात. तरी वेळ बरोबर असते, त्यामुळे मी ते तसंच सोडते.

वेळा `log.txt` मध्ये `pts_time` पुढे सेकंदांत मिळतात. एक लक्षात ठेवा: लॉगमध्ये मोजणी `n:0` पासून सुरू होते आणि चित्रांची `s_001` पासून. हा एकाचा फरक सांभाळला नाही तर प्रत्येक स्लाइडसमोर शेजारणीची वेळ पडते. मी सेकंद B रकान्यात टाकते आणि पुढच्या रकान्यात हे सूत्र ठेवते:

```
=TEXT((B2+$F$1)/86400,"hh:mm:ss")
```

F1 हा खाना सहसा शून्य असतो. पण एकदा रेकॉर्डिंग पुन्हा अपलोड झालं आणि सुरुवातीची हजेरीची काही मिनिटं त्यातून कापलेली निघाली. अशा वेळी एका स्लाइडची जुनी आणि नवी वेळ पाहायची, फरक F1 मध्ये उणे करून टाकायचा, की सगळी यादी एकदम जागेवर येते. मधलाच तुकडा कापला असेल तर मात्र हे चालत नाही, त्यापुढच्या ओळींसाठी वेगळा फरक धरावा लागतो.

इथपर्यंतचं काम यंत्राचं आहे, आणि एवढ्यावर थांबलात तर अनुक्रमणिका जवळपास निरुपयोगी राहते. ऑपरेटिंग सिस्टिममधल्या डेडलॉकच्या, म्हणजे प्रोसेस एकमेकींकडच्या रिसोर्ससाठी अडून बसण्याच्या, लेक्चरवरून सांगते. रिसोर्स देणं सुरक्षित आहे का ते आधी तपासणाऱ्या बँकर्स अल्गोरिदमचं कोष्टक १२:३४ ला आलं: पाच प्रोसेस, तीन रिसोर्स, उपलब्ध (३,३,२). पुढची नोंद थेट २६:१० ची. मधल्या साडेतेरा मिनिटांत स्लाइड बदललीच नाही, सर त्याच कोष्टकावर पेनने सोडवत होते. पेनच्या रेघेने चित्रात इतका थोडा फरक पडतो, की तो ०.०३ ओलांडत नाही. आणि परीक्षेला विचारतात ते नेमकं याच साडेतेरा मिनिटांतलं.

म्हणून माझा नियम असा: दोन नोंदींत पाच मिनिटांपेक्षा जास्त अंतर दिसलं, की तो भाग दीडपट वेगाने ऐकायचा आणि हाताने ओळी घालायच्या. प्लेअरमधला वेग वाढवला तरी दिसणारी वेळ मूळ व्हिडिओचीच असते, त्यामुळे गोंधळ होत नाही. त्या कोष्टकाखाली मी तीन ओळी घातल्या. १४:०५ ला नीड म्हणजे मॅक्स वजा अलोकेशन. १७:४० ला सेफ सिक्वेन्स कसा काढायचा. २२:१५ ला P1 ने (१,०,२) मागितल्यावर ते का देता येतं.

दुसरी गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. तेच कोष्टक ३८:२० ला परत दिसलं. एकसारखी चित्रं काढून टाकावीत असं कुणालाही वाटेल, आणि ती आपोआप काढणारी साधनंही आहेत. कृपा करून तसं करू नका. शिक्षक मागच्या स्लाइडवर परत जातात ते बहुतेक वेळा कुणाचा तरी डाउट सोडवायला. इथे एका मुलीने विचारलं होतं, P1 ला दिल्यानंतर (२,३,०) उरतात, मग P0 ने (०,२,०) मागितले तर का द्यायचे नाहीत, आहेत की पुरेसे? सरांनी करून दाखवलं: दिले तर उरतात (२,१,०), आणि तेवढ्यात पाचांपैकी एकाही प्रोसेसची गरज भागत नाही. पुरेसं असणं आणि सुरक्षित असणं यातला फरक मला त्या दोन मिनिटांत कळला. स्लाइडवर त्याचा उल्लेखही नव्हता. तेव्हापासून परत आलेल्या प्रत्येक स्लाइडच्या ओळीला मी पिवळा रंग देते, आणि वेळ कमी असेल तर फक्त पिवळ्या ओळी पाहते.

शेवटच्या रकान्यात स्लाइडचं शीर्षक लिहू नका, प्रश्न लिहा. ‘डेडलॉक’ हे शीर्षक चार स्लाइडवर होतं, त्यावरून काय शोधणार? ‘रिसोर्स पुरेसे असून नकार का?’ असं लिहिलं की Ctrl+F मध्ये लगेच सापडतं. स्लाइडवरचा मजकूर आपोआप वाचून घ्यायला tesseract वापरून पाहिलं. छापील इंग्रजी शीर्षकं ते नीट वाचतं, पण कोष्टकं आणि हस्ताक्षर यांत फार चुका होतात. मी आता शीर्षकंसुद्धा हातानेच टाइप करते, तेवढ्यात एकदा उजळणी होते.

शोधताना VLC मध्ये Ctrl+T दाबून वेळ टाकायची. लेक्चर यूट्यूबवर असेल तर लिंकच्या शेवटी `&t=754s` जोडून ती लिंकच स्प्रेडशीटमध्ये ठेवता येते. दोन्हीकडे मी दहा सेकंद आधीची वेळ टाकते. अनेक शिक्षक नव्या मुद्द्याची प्रस्तावना जुन्या स्लाइडवरच सुरू करतात आणि मग पुढे सरकतात.

तासाभराच्या लेक्चरला हाताचं काम धरून पाऊण तासाच्या आसपास लागतो. परीक्षेच्या आठवड्यात एवढा वेळ काढता येणार नाही, लेक्चर झालं त्याच आठवड्यात करावं लागतं. गणिताचे आमचे सर सगळं कोऱ्या व्हाइटबोर्डवर लिहीत शिकवत, तिथे ही कमांड जवळपास काहीच टिपत नाही. त्यांच्या लेक्चरला मी ऐकता ऐकता वहीच्या समासात वेळ लिहिते, आणि त्या विषयापुरतं तेच बरं पडतं.