मखमलीवर चहा सांडला: घरचा फेस, सोफेवाल्याचं मशीन की ड्रायक्लीन?

मखमलीच्या उशीवर किंवा पडद्यावर काही सांडलं की तीन मार्ग समोर असतात. घरीच साबणाच्या फेसाने पुसायचं, सोफा शाम्पूवाल्याला मशीन घेऊन बोलवायचं किंवा कव्हर आणि पडदा उतरवून ड्रायक्लीनला द्यायचा. बहुतेक जण डाग कशाचा आहे त्यावरून ठरवतात. माझ्या मते आधी कापड कशाचं आहे ते बघावं. चहाचा डाग बऱ्याचदा निघतो, पण चुकीच्या पद्धतीने बसलेली लव, म्हणजे मखमलीवरचे मऊ उभे केस, पुन्हा उभी राहीलच असं नाही.

आज दुकानात मिळणारी सोफ्याची मखमल बहुतांशी पॉलिएस्टरची असते. जुने जड पडदे सुती मखमलीचे असतात. फार मऊ, पाण्यासारखी झळाळणारी मखमल बऱ्याचदा व्हिस्कोसची निघते. लेबल नसेल तर शिवणीच्या आतल्या बाजूने दोन-तीन धागे ओढून काढा आणि चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. वितळून काळा टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली तर सुती किंवा व्हिस्कोस. या दोघांत फरक करायचा तर नव्या धाग्याचा मधला भाग ओला करून दोन्ही टोकं ओढा. व्हिस्कोसची ताकद ओलं झाल्यावर जवळजवळ निम्मी होते, त्यामुळे धागा ओल्या जागीच पटकन तुटतो. ओल्या सुताची ताकद मात्र कमी होत नाही. लव आणि तिच्याखालचा विणलेला पाया वेगवेगळ्या धाग्यांचे असू शकतात, म्हणून लवेचा केस आणि पायाचा धागा दोन्ही तपासा.

एवढा खटाटोप करायचा, कारण या कापडांची भीती एकमेकांच्या उलट आहे. सुती आणि व्हिस्कोसच्या लवेला पाण्याची भीती असते. लव पाणी पिऊन फुगते, मऊ होऊन आडवी पडते आणि तशीच वाळली की आडवीच राहते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पितच नाही, त्याला भीती उष्णतेची. गरम इस्त्री टेकली की लव वितळल्यासारखी चपटी होते आणि तो ठसा कायमचा राहतो.

पाण्याचं वर्तुळ पडतं ते पाण्यामुळे नव्हे, तर ओल जिथे थांबते तिथे. ओल्या जागेची कड सगळ्यात आधी वाळते. मग मधलं पाणी कडेकडे सरकत राहतं आणि जाताना धूळ, साबण, पाण्यातले क्षार सगळं सोबत नेऊन तिथे सोडतं. म्हणून डागापुरती हातभर जागा भिजवून सोडणं हा सगळ्यात वाईट पर्याय. एकतर पाणी इतकं कमी वापरा की ते पसरणारच नाही, नाहीतर एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत अख्खा भाग सारखा दमट करा. तिन्ही मार्गांची तुलना मी याच कसोटीवर करते.

घरचा फेस

उदाहरण म्हणून दुधाचा चहा घेऊ. एकच कप सांडला, अर्धा पॉलिएस्टर मखमलीच्या उशीवर आणि थोडा सुती मखमलीच्या पडद्याच्या खालच्या काठावर.

उशी लगेच उचलून उभी धरा, म्हणजे चहा आतल्या फोममध्ये झिरपायच्या आत खाली ओघळेल. पांढरा जुना पंचा डागावर ठेवा, तळहाताने हलकं दाबा, उचला, पंचाची कोरडी घडी समोर घ्या, पुन्हा दाबा. घासायचं नाही. घासल्यावर लव मुळाशी पिरगळते आणि चहा तिच्या बुडात जातो. पंचावर काहीच उमटेना, तेव्हा चेन उघडून कव्हर आणि फोमच्या मध्ये प्लॅस्टिक आणि त्यावर कोरडा टॉवेल सरकवा. हे केलं नाही तर वरून कव्हर वाळतं आणि दोन दिवसांनी फोममधला चहा पुन्हा वर येतो. डाग परत आला असं वाटतं, तो खरं म्हणजे खालून आलेला असतो.

मग पाव लिटर साध्या पाण्यात लोकरीच्या कपड्यांसाठीचं सौम्य लिक्विड एक छोटा चमचा घालून रवीने घुसळा. वापरायचा तो फक्त वरचा फेस, खालचं पाणी नाही. फेस आधी उशीच्या मागच्या बाजूला लावून रंग सुटतो का ते बघा. सुटत नसेल तर मऊ स्पंजने डागावर ठेवा, बाहेरून आत येत लवेच्या दिशेने हलके हात फिरवा आणि दोन-तीन मिनिटांत टिपून घ्या. पाणी गरम नको, दुधातलं प्रथिन गरम पाण्याने धाग्यावर घट्ट बसतं. धुण्याचा सोडाही नको, अल्कलीने चहाचा रंग आणखी गडद होतो. दूध निघून फिकट तपकिरी छटा उरली तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दोन भाग पाणी अशा मिश्रणात कापड बुडवून, घट्ट पिळून टिपा.

यानंतरची पायरी लोक गाळतात, आणि वर्तुळ तिथेच पडतं. साबण काढायला हवा. पिळलेल्या कापडाने दोनदा पुसा आणि मग स्प्रेच्या बाटलीतून उशीची ती पूर्ण बाजू शिवणीपर्यंत धुक्यासारखी दमट करा. बोअरचं किंवा जड पाणी असेल तर इथे डिस्टिल्ड वॉटर वापरा. बॅटरीत भरायला ते सीलबंद मिळतं, फक्त बाटलीवर नाव वाचून घ्या, कारण शेजारीच बॅटरीचं ॲसिडही विकायला ठेवलेलं असतं. लव ओली असतानाच मऊ ब्रशने एका दिशेने बसवा आणि उशी पंख्याखाली उभी ठेवा. उन्हात नको, रंग उडतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर लावल्याशिवाय हा प्रकार करू नका. फोम दमट राहिला तर कुबट वास धरतो आणि तो काढणं डागापेक्षा अवघड असतं.

पॉलिएस्टरच्या उशीला हा मार्ग चांगला आहे आणि मी तोच सुचवेन. पडद्याच्या सुती काठावर मात्र चहा टिपून घ्या आणि थांबा. फेस लावायचा मोह होतो, पण पडद्याचा एक काठ ओला करून शिवणीपर्यंत दमट करणं म्हणजे सात फूट कापड दमट करणं. ओल्या सुती मखमलीचं वजन तिला खाली ओढतं, चुण्यांच्या घड्यांत लव दबते आणि आतलं अस्तर वेगळ्या प्रमाणात आटून पडदा खाली गोळा होतो.

सोफा शाम्पूचं मशीन

यात शाम्पूचं पाणी फवारतात, ब्रश मारतात आणि व्हॅक्यूमने ओढून घेतात. चहा फोमपर्यंत गेला असेल, किंवा उशी निघतच नाही असा सोफा असेल, तर घरच्या फेसापेक्षा हे सरस, कारण आतलं पाणी ओढून काढायची ताकद तुमच्या पंचात नाही. अख्खी बैठक एकसारखी ओली होत असल्याने वर्तुळाची शक्यताही कमी.

धोका ब्रशचा आहे. गोल फिरणारा ब्रश साध्या कापडाच्या सोफ्याला चालतो, मखमलीवर तो गोल गोल वळ्या उमटवतो आणि त्या वाळल्यावर उजेडात स्पष्ट दिसतात. बुकिंग करतानाच विचारा, "दादा, मखमल आहे, ब्रश हाताचा वापराल का? शाम्पूनंतर साध्या पाण्याने एकदा ओढून घेता का?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर "नाही" असं आलं तर साबण लवेत राहणार, आणि तो पुढे धूळ धरून ती जागा महिन्याभरात मळकट दिसणार. काम झाल्यावर कोरडा टिश्यू दाबून बघा. तो लगेच ओला झाला तर पाणी जास्त राहिलं आहे, आणखी एकदा ओढायला सांगा.

पॉलिएस्टरला हे चालतं. सुती मखमलीच्या सोफ्याला अगदी नाइलाज असेल तरच. व्हिस्कोसला नाही.

ड्रायक्लीन

सुती मखमलीच्या पडद्याला माझा कौल निःशंक ड्रायक्लीनला. त्यात वापरलेलं द्रावण सुताला फुगवत नाही, म्हणून लव आडवी पडत नाही आणि अस्तरही आटत नाही. एक मर्यादा मात्र आहे. ते तेल-तूप चांगलं काढतं, पण चहातली साखर आणि दूध पाण्यात विरघळणारे असल्याने त्यांच्यासाठी ड्रायक्लीनवाल्याला तो डाग आधी हाताने काढावा लागतो. म्हणून डाग कशाचा आणि कधीचा हे सांगा, काठाला रंगीत दोरा बांधून जागा दाखवा. साखरेचा डाग आधी दिसत नाही, पण नंतर इस्त्रीच्या उष्णतेने पिवळा होऊन उठतो. पडदा घडी न घालता हँगरला परत द्या असंही आधीच बजावा, नाहीतर घडीच्या रेघा घरी येतात.

उशीच्या कव्हरला मात्र मी हा मार्ग सहसा सुचवत नाही. चेन आहे म्हणजे कव्हर धुता येतं असं नाही, ती फोम भरण्याच्या सोयीसाठी असते. सोफ्याच्या मखमलीला मागून बऱ्याचदा लेपाचा थर दिलेला असतो आणि तोच लवेची मुळं धरून ठेवतो. द्रावणाने तो कडक होऊ शकतो किंवा सुटू लागतो. कव्हर उलटं करून बघा. पाठ रबरासारखी चिकट, गुळगुळीत लागली तर ड्रायक्लीनला देऊ नका.

पॉलिएस्टर मखमलीचा बिनअस्तरी पडदा असेल आणि लेबलवर धुवायला परवानगी असेल, तर ड्रायक्लीनचा खर्च करायची गरज नाही. उलटा करून गार पाण्यात नाजूक सायकलवर, कमीत कमी स्पिन देऊन धुवा आणि ओला असतानाच त्याच्याच रॉडवर लावा. दोरीवर टाकला तर दोरीची रेघ लवेत उमटते.

लव बसलीच असेल तर कपड्यांचा स्टीमर पडद्याच्या मागून फिरवा. उशीवर वीतभर अंतर ठेवून फक्त वाफ द्या, टेकवू नका, आणि लगेच मऊ ब्रशने लवेच्या उलट दिशेने उचलून मग सुलट बसवा. सुती लव यात बरीच परत येते. पॉलिएस्टर नुसतं दबलेलं असेल तर उठतं, इस्त्रीने चपटं झालेलं उठत नाही. व्हिस्कोसवर वाफेचे थेंब पडले तर नवे ठिपके तयार होतात.

व्हिस्कोसची मखमल असेल तर चहा टिपून घ्या, त्यावर पाणी, फेस, वाफ काही नको, आणि मखमल हाताळणाऱ्या ड्रायक्लीनवाल्याकडे लगेच न्या. पाठीला लेप असेल किंवा कव्हर निघतच नसेल, तर तो डाग तसाच ठेवून उशी उलटी लावणं हा तिथला सगळ्यात कमी नुकसानीचा पर्याय आहे.