मुलाखतीआधी कोणता व्हिडिओ बघाल: पाऊण तासाचा की तीन मुद्द्यांचा?

माझा मामेभाऊ यंदा बीएससी केमिस्ट्री झाला. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत क्यूसी ट्रेनीच्या मुलाखतीला जायचंय, तर परवा विचारत होता, "दादा, तू कोणता व्हिडिओ बघून गेला होतास?" मी दोन मुलाखतींना दोन वेगळे व्हिडिओ बघून गेलो होतो, त्यामुळे दोन्हींबद्दल सांगू शकतो.

पहिला पाऊण तासाचा. फाइल कशी लावायची, आत येताना काय म्हणायचं, बसायचं कसं, आत्मविश्वास कसा ठेवायचा, सगळं त्यात आहे. ज्याने मुलाखतीची खोली कधी पाहिलीच नाही, त्याची भीती त्याने नक्की कमी होते. बँकेच्या किंवा विक्रीच्या नोकरीला तो कदाचित जास्त उपयोगीही पडेल.

पण त्यातली एक गोष्ट मला फार खटकली: तयार उत्तरं. "तुमचा कमकुवतपणा काय?" या प्रश्नाला "काम अगदी बिनचूक झाल्याशिवाय मला चैन पडत नाही" असं सांगा, असं त्यात होतं. मी पाठ केलं आणि तसंच सांगितलं. समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "बरं, असं शेवटचं कधी झालं होतं?" माझ्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं. बाहेर बाकावर आलो तर आणखी दोन मुलांनी तेच वाक्य पाठ केलेलं. ती नोकरी गेली त्याचं कारण तेवढंच होतं असं म्हणणार नाही, पण त्या प्रश्नानंतर मी सावरलो नाही.

दुसरा व्हिडिओ जेमतेम नऊ मिनिटांचा, मुद्दे तीनच. ओळख एका मिनिटात संपवा आणि बायोडेटात लिहिलेलं पुन्हा सांगू नका. स्वतःच्या हाताने केलेलं एक काम आकड्यांसकट, चुकीसकट तयार ठेवा. आणि जिथे येत नाही, तिथे कुठपर्यंत येतं ते सांगून थांबा. पहिला मुद्दा सोपा आहे. दुसऱ्याला मात्र मला दोन संध्याकाळी लागल्या.

मी निवडला आमचा विहिरींच्या पाण्याचा प्रोजेक्ट. घराजवळची एक विहीर आणि खाडीलगतची एक, दोन्हींचा मे महिन्यातला कठीणपणा. 50 मिली पाणी, अमोनियाचा बफर घालून पीएच 10, इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी आणि ब्युरेटमध्ये 0.01 मोलर ईडीटीए. या ईडीटीएचा 1 मिली म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. घरच्या पाण्याला 2.1 मिली लागलं, म्हणजे लिटरला 42 मिलिग्रॅम. खाडीलगतच्या पाण्याला 14.6, म्हणजे 292. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे. उन्हाळ्यात गोड पाण्याची पातळी उतरते आणि खारं पाणी आत शिरतं, त्याच्याबरोबर मॅग्नेशियमही येतं.

एवढं तर जर्नलमध्येच होतं. व्हिडिओतल्या बाईंचं म्हणणं असं की बिघडलं काय होतं, तेही आठवा. आमची पहिली तीन रीडिंग एकमेकांशी जुळतच नव्हती. रंग लालचा स्वच्छ निळा होण्याऐवजी मधेच जांभळट होऊन रेंगाळायचा. बफरच्या बाटलीचं बूच सैल राहिलं होतं आणि अमोनिया उडून गेला होता. पीएच खाली आला की मॅग्नेशियम ईडीटीएला धड बांधलं जात नाही. नवा बफर केला, तेव्हा दोन रीडिंग 0.1 मिलीच्या आत आली.

दुसऱ्या मुलाखतीत मी हे सांगितलं, तर लगेच प्रश्न आला, "मग पीएच 12 का नाही ठेवला?" मला सांगता आलं, कारण बिघाड शोधताना तेही वाचलं होतं: तेवढ्या पीएचला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि मोजणीतून सुटतं. पुढची दहा मिनिटं त्याच टायट्रेशनवर गेली. कमकुवतपणा कुणी विचारलाच नाही. एचपीएलसीबद्दल विचारलं, तेव्हा म्हटलं, "कॉलम आणि मोबाइल फेजचं तत्त्व शिकलोय, यंत्र हाताळलेलं नाही." साहेबांनी मान डोलावली आणि विषय बदलला.

नऊ मिनिटांच्या व्हिडिओतही उणीव आहे. कागदपत्रं, कपडे यांबद्दल त्यात अवाक्षर नाही, आणि ज्याने प्रोजेक्ट नुसता उतरवून काढलाय त्याला दुसऱ्या मुद्द्याचा काही उपयोग नाही. वेळ असेल तर पाऊण तासाच्या व्हिडिओची पहिली दहा मिनिटं बघावीत आणि उत्तरांचा भाग सुरू झाला की बंद करावा, असं मला तरी वाटतं.

भावालाही हेच सांगितलं. त्याचा प्रोजेक्ट काजूच्या टरफलातल्या तेलाचा. टरफलं किती ग्रॅम घेतली होतीस, तेल किती निघालं, असं विचारलं तर आठवेना. आता तो माळ्यावर जर्नल शोधतोय.