रूट ब्रिज: स्विचवर सोडायचा की आपण नेमायचा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत नेटवर्क बघताना हा प्रश्न हमखास येतो. एखादी केबल तुटली तरी काम अडू नये म्हणून रिंग टाकायची ठरलेली असते. मॅनेज्ड स्विच आलेले असतात, रिंगमधला लूप तोडणारा स्पॅनिंग ट्रीही चालू असतो. मग त्याच्या मोजणीचा मुख्य स्विच, म्हणजे रूट ब्रिज, कोण हे स्विचांना आपापसांत ठरवू द्यावं, की आपण प्रायॉरिटी टाकून नेमावा? मी दोन्ही तऱ्हा चालवून पाहिल्या आहेत. लूप दोन्हींत तुटतो, त्यामुळे एक बरोबर आणि दुसरी चूक असं म्हणणार नाही. पण माझा कल एकीकडे आहे आणि तो लपवून उपयोग नाही.

रिंगच नको, एकेरी केबल बरी, असंही काही मालक म्हणतात. शेड एकमेकांना लागून असतील तर ते ठीक आहे. गोडाऊन लांब असेल, मधे ट्रक वळत असतील आणि उंदीरही असतील, तर दुसरी वाट हवीच. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

उदाहरणाला चार स्विच घेऊ: ऑफिस, माग विभाग, गोडाऊन आणि डाईंग. याच क्रमाने ते एकमेकांना गिगाबिट केबलने जोडलेत आणि डाईंगची केबल परत ऑफिसला येते. सर्व्हर आणि राउटर ऑफिसच्या स्विचवर आहेत. आता स्पॅनिंग ट्री बंद आहे असं धरा. माग विभागातला एक पीसी सर्व्हरचा मॅक पत्ता शोधायला एआरपीची विचारणा करतो. ही विचारणा ब्रॉडकास्ट असते, म्हणून ती ज्या पोर्टमधून आली ते सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून बाहेर पडते. एक प्रत ऑफिसकडे निघते, दुसरी गोडाऊनकडे. दोघी पूर्ण चक्कर मारून माग विभागात परत येतात. ही आपण मघाशीच पाठवली होती हे तो स्विच ओळखत नाही, आणि त्यांना पुन्हा पुढे ढकलतो.

आयपी पाकिटात टीटीएल असतो, दर राउटरला तो एकने घटतो आणि शेवटी पाकीट मरतं. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच नाही. त्यामुळे या दोन प्रती केबल निघेपर्यंत किंवा लाईट जाईपर्यंत फिरत राहतात, सेकंदाला हजारो फेऱ्या. पुढच्या पीसीने विचारलं की अमर फ्रेममध्ये आणखी दोघींची भर. साध्या रिंगमध्ये गर्दी अशी साठत जाते. दोन स्विचमध्ये चुकून तीन समांतर केबल लागल्या तर मामला वेगळा: एकीतून आलेली फ्रेम उरलेल्या दोघींतून परत जाते आणि दर फेरीला संख्या दुप्पट होते. तिथे ब्रॉडकास्टचं वादळ उठायला डोळ्याची पापणीही लवावी लागत नाही.

गिगाबिट लिंकवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला जास्तीत जास्त १४ लाख ८८ हजार मावतात. वादळात लिंक त्या मर्यादेकडे सरकते. शिवाय दर फेरीत एकेक प्रत प्रत्येक पीसी, प्रिंटर आणि बायोमेट्रिक मशीनकडेही जाते. ब्रॉडकास्ट असल्याने ती प्रत्येकाला उघडून बघावीच लागते, म्हणून नेटवर्कचं काम न करणारे पीसीसुद्धा जड होतात. भरीस भर म्हणजे माग विभागातल्या त्या पीसीचा पत्ता ऑफिसच्या स्विचला कधी एका बाजूने दिसतो, कधी दुसऱ्या. त्याचं मॅक टेबल सारखं उलटंपालटं होतं आणि सर्व्हरचं उत्तर भलत्याच दिशेला जातं. बाहेरून ओळखायची खूण सोपी आहे. सगळे दिवे एका लयीत वेडे झाल्यासारखे लुकलुकतात, लॉगमध्ये `MACFLAP_NOTIF` च्या ओळी येतात, आणि रिंगमधली एक केबल उपटली की पुढच्या क्षणी सगळं शांत.

ती केबल न उपटता उपटल्यासारखी ठेवायची, ही स्पॅनिंग ट्रीची युक्ती. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी या संगणक कंपनीत असताना ती काढली, आणि १९९० मध्ये ती ८०२.१डी मानकात आली. कोणती लिंक बंद ठेवायची यावर सगळ्या स्विचांचं एकमत व्हायला मोजणीचा एक सामाईक बिंदू लागतो. तोच रूट ब्रिज. सुरुवातीला प्रत्येक स्विच ‘मीच रूट’ असं बीपीडीयूत, म्हणजे स्विचांच्या आपसातल्या निरोपात, लिहून पाठवतो. त्यात आठ बाइटची ब्रिज आयडी असते: आधी प्रायॉरिटी, मग मॅक पत्ता. आपल्यापेक्षा लहान आयडी ऐकली की स्विच दावा सोडतो आणि तिचंच नाव पुढे सांगू लागतो. सगळ्यात लहान आयडीवाला उरतो, मग प्रत्येक जण रूटकडे जाणारं सर्वांत स्वस्त असं एकच पोर्ट धरतो. दर लिंकवर रूटला जवळचा स्विच ती लिंक चालवतो. उरलेलं पोर्ट बीपीडीयू ऐकतं, पण डेटा पुढे देत नाही. रिंग तिथे तुटते.

आता मूळ तुलना. काहीच सेट केलं नाही तर सगळ्यांची प्रायॉरिटी ३२७६८, म्हणजे निकाल मॅक पत्त्यावर. एकाच कंपनीचे स्विच असतील तर लहान मॅक बहुधा जुन्या स्विचचा असतो (हा नियम नव्हे, कल आहे). वयाने थोरला म्हणून घराचा कारभार आजोबांच्या हाती, तसं होतं. मी पाहिलेल्या एका कारखान्यात रूट झाला होता गोडाऊनमधला, पत्र्याखाली तापणारा सगळ्यात जुना स्विच.

याचा परिणाम मोजून पाहू. गिगाबिट लिंकची जुन्या मोजणीतली कॉस्ट, म्हणजे अंतराचा आकडा, ४. रूट गोडाऊन, म्हणून माग विभाग आणि डाईंग त्याच्यापासून ४ वर. ऑफिसला दोन्ही बाजूंनी ८. बरोबरी झाली की ज्या शेजाऱ्याची आयडी लहान तो जिंकतो, आणि तिथे तो माग विभाग निघाला. ऑफिसने डाईंगकडचं पोर्ट बंद केलं. डाईंग ऑफिसच्या भिंतीला लागून, मधे थेट केबल, तरी डाईंगच्या पीसीचा डेटा सर्व्हरला पोचायला गोडाऊन आणि माग विभाग फिरून येत होता.

हे खरं तर चाललं असतं. गिगाबिटवर दोन जास्तीचे टप्पे कुणाला जाणवत नाहीत, मलाही जाणवले नसते. माझा निर्णय दुसऱ्याच गोष्टीने झाला: गोडाऊनला यूपीएस नव्हता. लाईट गेली की बाकी तिघे बॅटरीवर चालू, पण रूट मेला. मग उरलेल्यांनी नवा रूट शोधायचा आणि ऑफिसचं बंद पोर्ट उघडायचं. जुन्या ८०२.१डीत पोर्ट उघडायला १५ अधिक १५ असे ३० सेकंद लागतात, मेलेल्या रूटची माहिती विसरायला २० थांबावं लागलं तर ५०. तेवढ्यात डाईंगच्या पीसीवरचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सर्व्हरशी नातं तोडून मोकळं. पण मला खरा वैताग लाईट परत आल्यावर यायचा. गोडाऊनचा स्विच उठायचा, त्याची आयडी अजूनही सगळ्यात लहान, म्हणून चालू असलेल्या रूटला खाली उतरवून तो पुन्हा गादीवर. परत फेरमांडणी, परत बिलिंग अडकलं. एका लाईटच्या जाण्याला दोन झटके, तेही जिथे स्विच बंदच पडला नव्हता त्या डाईंगमध्ये. ‘लाईट आली की नेट जातं’ अशी तक्रार तिथला अकाउंटंट करायचा, आणि मालकांना ती थट्टा वाटायची.

स्पॅनिंग ट्रीची चपळ आवृत्ती, रॅपिड स्पॅनिंग ट्री, लावली की हे बरंच सुसह्य होतं, हे मान्य. साधी लिंक तुटली तर तो बहुधा सेकंदाच्या आत सावरतो. पण खुद्द रूट मरणं हा त्याचाही अवघड प्रसंग, कारण मेलेल्या रूटची शिळी माहिती रिंगमध्ये काही काळ फिरत राहू शकते. म्हणून रूट वारंवार मरणार नाही अशा जागी असावा, हे रॅपिडमध्येही उरतंच.

हाताने नेमायचं काम दोन ओळींचं. ऑफिसच्या स्विचवर, तो सिस्कोचा असेल तर:

```
spanning-tree mode rapid-pvst
spanning-tree vlan 1 priority 4096
```

माग विभागाला ८१९२, म्हणजे तो उपरूट. प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच घेतली जाते. `show spanning-tree` मध्ये ४०९७ दिसलं तर दचकू नका, त्यात व्हीलॅनचा क्रमांक १ मिळवलेला असतो.

आता तीच रिंग पुन्हा मोजा. माग विभाग आणि डाईंग ऑफिसला थेट, ४ वर. गोडाऊन ८ वर, आणि बंद पोर्ट त्याचंच, डाईंगच्या दिशेचं. गोडाऊनची लाईट गेली तर बाकी कुणाची वाट त्यातून जातच नाही, म्हणून त्यांचा डेटा थांबत नाही. ऑफिसचा स्विचच मेला तर? मग सर्व्हर आणि राउटर त्याच्यावरच असल्याने नेटवर्क कितीही चपळ सावरलं तरी करायला काही उरत नाही. रूट तिथे ठेवण्याने नवं जोखीमस्थान तयार होत नाही, हा मुद्दा मला सगळ्यात पटतो.

आपोआप निवडीच्या बाजूनेही बोलायला हवं. ऑफिसचा स्विच जळला आणि कुणी कपाटातला दुसरा तसाच लावला, तर ४०९६ त्याच्याबरोबर गेलं. माग विभाग रूट होईल, काम चालेल, पण आखणी बदलली हे कुणाच्या लक्षात येणार नाही. आपोआप निवडीत लक्षात ठेवायचं काही नसतंच. आणि नेमलेला रूटही पक्का नसतो: शून्य प्रायॉरिटीचा स्विच कुणी जोडला की तो गादी घेतो. त्यासाठी जिकडून रूट येऊच नये अशा, म्हणजे रिंगबाहेरच्या फाट्यांच्या पोर्टांवर `spanning-tree guard root` टाकतो. रिंगच्या पोर्टांवर मात्र नाही, नाहीतर उपरूटच अडेल.

एका बाबतीत दोन्ही तऱ्हा सारख्याच अपुऱ्या आहेत. टेबलाखालच्या पाच पोर्टी स्वस्त स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोकं कुणी खोचली, तर तो लूप त्या डब्याच्या आत होतो. त्याला स्पॅनिंग ट्री कळत नाही, आणि रूट कोण याने तिथे फरक पडत नाही. पीसीच्या पोर्टांवर, ३० सेकंद न थांबता पोर्ट उघडणाऱ्या पोर्टफास्टबरोबर, बीपीडीयू गार्ड असेल तर आपला बीपीडीयू फिरून परत येताच ते पोर्ट बंद होतं आणि वादळ त्या टेबलापुरतं राहतं. डब्याने बीपीडीयू गिळला तर मात्र ब्रॉडकास्टला मर्यादा घालणारा स्टॉर्म कंट्रोलच कामाला येतो, म्हणून मी दोन्ही लावतो.

दोनच स्विच असतील, दोघांनाही यूपीएस असेल आणि मधे जोडीच्या केबल असतील, तर मी प्रायॉरिटीला हातही लावत नाही. तिसरा स्विच आला आणि त्यातला एक जरी बॅटरीविना असला, की आधी `show spanning-tree` बघतो आणि `This bridge is the root` ही ओळ कुठल्या शेडमध्ये उमटते ते तपासतो.