हॉस्टेलची मेस: जेवण ठीक, खाड्यांचा हिशोब मात्र बघून घ्या

रत्नागिरीतल्या एका हॉस्टेलची मेस लावून आता वर्ष होत आलं. महिन्याचे ३,००० रुपये, दोन वेळचं जेवण, बुधवारी मासे. पोळ्या बऱ्या, भात उत्तम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बुधवारी अंडाकरी मिळते; त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही.

कुरकुर आहे ती खाड्यांची. दिवसाला १०० रुपये पडतात, पण खाडा धरला तर ६० च वजा होतात. उरलेले ४० गॅस आणि स्वयंपाकाच्या मावश्यांचा पगार. ते पटतं, आपण घरी गेलो म्हणून त्यांचा पगार थांबत नाही. अट मात्र सलग तीन दिवसांची, आणि आदल्या दिवशी वहीत नाव लिहिण्याची. इथली निम्मी मुलं लांजा, राजापूर, चिपळूणची. शुक्रवारी संध्याकाळी एसटी पकडायची, सोमवारी दुपारी परत. तारखा मोजल्या तर पूर्ण दिवस दोनच, म्हणजे खाडा शून्य. मेसवाले काका मात्र शनिवारी तेवढी पानं कमी धरूनच तांदूळ काढतात. वाचलेलं जातं कुठे, ते सांगायला नको.

मेस कमिटीने यावर तोडगा काढला तो असा: दिवस नको, वेळा मोजा. शुक्रवार रात्र, शनिवार-रविवारच्या चार आणि सोमवार दुपार मिळून सलग सहा वेळा, म्हणजेच तीन दिवस. १८० रुपये वजा. काका आठवडाभर फुगून होते, पण रेक्टरांनी सही केली.

गणपतीतही असंच. मी आठ दिवस घरी होतो, त्यातले पाच दिवस मेसच बंद. बिलात सरसकट आठ खाडे, ४८० रुपये. बंद मेसचे ४० रुपये आम्ही का भरायचे? कमिटीने ते पाच दिवस पूर्ण दराने वजा करायला लावले: ५०० अधिक १८०, एकूण ६८०. मावश्यांच्या सुट्टीचा पगार काकांनी द्यायचा, असंही तेव्हाच लिहून घेतलं.

जेवणाच्या तक्रारींत कमिटी सुरुवातीला अगदीच ढिली होती. वहीत “आमटी पातळ” लिहायचं, खाली काकांचं “सुधारणा करू”, संपलं. मग दोघांनी पाळीने सकाळी कोठीत उभं राहून डाळ वजन करून घ्यायला सुरुवात केली. माणशी ३० ग्रॅम ठरलेली. ८० पानांना २ किलो ४०० ग्रॅम हवी. पहिल्याच दिवशी काट्यावर दीड किलो भरली! आता तक्रारीत तारीख, वेळ, पदार्थ लिहायचा आणि त्या दिवशीचं वजन शेजारी. वाद निम्म्यावर आले.

माशांचं अजून जमलेलं नाही. बांगडा कधी ताजा, कधी नाकाला लगेच कळणारा. वजनाने ते सुटत नाही, त्यामुळे बुधवारी कमिटीचा एक जण मासे उतरवताना कल्ले उघडून बघतो. परीक्षा आल्या की तोही गायब, आणि त्या बुधवारी मी पिठलं मागतो.