पन्नास जीबीचा गेम, शंभर जीबीचा महिना

माझा भाचा लालबागला चाळीत राहतो. त्या खोलीत अजून फायबर पोचलेलं नाही. घरभर चालतं ते सिमकार्डवरच्या राउटरवर. प्लॅन महिन्याला 100 जीबीचा, आणि ते संपले की वेग इतका खाली येतो की साधं पानही उघडत नाही. दिवसाचा वेग साधारण 8 एमबीपीएस. त्याला ‘विचर 3’ घ्यायचा होता, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर त्या गेमसाठी 50 जीबी जागा मागितलेली आहे. त्याने मला विचारलं, “मामा, रात्री लावलं तर डेटा कमी जाईल ना?”

नाही जाणार. हे आधी नीट समजून घेतलं तरच तीन मार्गांमधून निवड करता येते. वेळ ठरवून डाउनलोड केलं की ते कधी येईल ते बदलतं. वेग बांधून ठेवला की किती जोरात येईल ते बदलतं. महिन्याच्या कोट्यातून मात्र दोन्ही वेळा तेवढेच 50 जीबी कापले जातात. फरक पडतो तो तिसऱ्या मार्गाने, म्हणजे एकदा उतरवून ठेवला की इंटरनेटशिवाय चालणाऱ्या ऑफलाइन इन्स्टॉलरने, आणि तोही गेम दुसऱ्यांदा टाकायची वेळ येते किंवा फाइली दुसऱ्या लाइनवर उतरवता येतात तेव्हा.

अपवाद एकच. काही प्लॅनमध्ये मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतचा वापर कोट्यात मोजत नाहीत. तुमचा प्लॅन तसा असेल तर वेळ ठरवणं हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. रिचार्जच्या अटींत ते स्पष्ट लिहिलेलं असतं, आधी तिथे बघा.

आता हिशेब. 8 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 1 एमबी, कारण 8 बिटांचा एक बाइट. तासाला 3.6 जीबी, आणि 50 जीबीला जवळपास 14 तास. रात्री 12 ते 6 एवढीच खिडकी धरली तर एका रात्रीत साडेएकवीस जीबी, म्हणजे तिसऱ्या रात्री काम पुरं. स्टीममध्ये `Settings > Downloads` इथे `Schedule auto-updates` आहे, पण नावातच आहे तसं ते फक्त आपोआप येणाऱ्या अपडेटसाठी. नवा गेम तुम्ही इन्स्टॉलला लावलात की तो लगेच सुरू होतो, मग दुपारचे दोन वाजले असले तरी. त्यामुळे पहिल्या वेळी झोपताना स्वतः सुरू करायचं आणि सकाळी पॉज करायचं. आलेला भाग वाया जात नाही, पुढच्या रात्री तिथूनच चालू होतं. लॅपटॉपची स्लीप सेटिंग मात्र बदला. भाच्याची पहिली रात्र यातच गेली: लॅपटॉप काही वेळाने झोपला आणि सकाळी जेमतेम दीड जीबी आलेले.

वेग बांधायचं कारण वेगळं आहे, आणि एका खोलीत चार माणसं राहतात तिथे ते फार महत्त्वाचं आहे. भाच्याची बहीण घरूनच काम करते, दिवसभर तिचे व्हिडिओ कॉल असतात. मोठं डाउनलोड पूर्ण लाइन खातं तेव्हा बाकीच्यांच्या डेटाची पाकिटं रांगेत अडकतात. डाउनलोड बंद असताना वेगाची चाचणी केली तर आकडा ठीक दिसतो, पण डाउनलोड चालू असताना कॉलमध्ये आवाज तुटतो. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालू ठेवणं:

```
ping -t 8.8.8.8
```

डाउनलोड बंद असताना `time` पुढे जो आकडा येतो तो लक्षात ठेवा. मग डाउनलोड सुरू करा. भाच्याकडे 40 मिलीसेकंदांवरून तो 600 च्या पुढे गेला. स्टीमच्या `Limit download speed` मध्ये मर्यादा घालून ती हळूहळू खाली आणली. सेकंदाला 600 केबीच्या आसपास आकडा पुन्हा शंभराच्या आत आला आणि बहिणीचा कॉल सुधारला. साधारण लाइनच्या साठ-सत्तर टक्क्यांपासून सुरुवात करावी. रकान्याशेजारी एकक कोणतं आहे ते वाचा, बिट की बाइट. तिथे चूक झाली तर आठपट फरक पडतो. एपिकच्या लाँचरमध्येही अशी मर्यादा घालता येते.

ऑफलाइन इन्स्टॉलरबद्दल थोडं सविस्तर, कारण कोट्याचा खरा प्रश्न तिथेच सुटतो. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात विकत घेतलेल्या गेमचे इन्स्टॉलर फाइल म्हणून उतरवून ठेवता येतात. एक `setup` ने सुरू होणारी `.exe` आणि सोबत `.bin` चे तुकडे, प्रत्येक तुकडा 4 जीबीपर्यंतचा. सगळे एकाच फोल्डरमध्ये हवेत. एकदा डिस्कवर आले की इन्स्टॉल करायला इंटरनेट लागत नाही. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये जागा कमी, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी एखादा गेम काढावा लागतो. तोच परत हवा झाला की पुन्हा 50 जीबी, म्हणजे अर्धा महिना. बाहेरच्या हार्ड डिस्कवर इन्स्टॉलर असेल तर हा खर्च शून्य. शिवाय ते तुकडे त्याच खोलीत उतरवायची गरज नाही. माझ्याकडे ठाण्याला फायबर आहे. त्याने इथे येऊन स्वतःच्या खात्यातून ते उतरवले आणि लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या डिस्कवर टाकून लोकलने घरी नेले. हे स्वतःच्या वापरासाठी आहे, मित्रांना वाटायला नाही.

यातले धोकेही सांगतो. ब्राउझरमधून तुकडा उतरवताना तो शेवटाकडे तुटला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तर तीन-साडेतीन जीबी फुकट जातात आणि कोट्यातूनही कापले जातात. मोबाइल लाइनवर एका वेळी एकच तुकडा लावा. सगळे आले की एकदा इन्स्टॉल करून बघा आणि मगच निर्धास्त व्हा. तुकडा खराब असेल तर इन्स्टॉल मध्येच थांबतं. तसं झालं तर तेवढाच तुकडा परत आणायचा.

दुसरी मर्यादा अपडेटची. डिस्कवरचा इन्स्टॉलर जिथे होता तिथेच राहतो. ‘विचर 3’ ला डिसेंबर 2022 मध्ये मोठं अपडेट आलं. त्याआधी उतरवलेल्या इन्स्टॉलरमधून जुनाच गेम मिळतो. नवा हवा तर अनेकदा सगळे तुकडे नव्याने उतरवावे लागतात. स्टीम मात्र बदललेले भागच आणतं. म्हणून जे गेम सतत बदलतात, विशेषतः ऑनलाइन खेळायचे, त्यांच्यासाठी हा मार्ग निरुपयोगी आहे. तिथे रात्रीची वेळ आणि बांधलेला वेग हेच उपाय, आणि दर महिन्याच्या कोट्यातून अपडेटसाठी जागा राखून ठेवावी लागते.

गेम आधीच स्टीमवर घेतला असेल तर मधला रस्ता आहे. गेमच्या `Properties` मध्ये बॅकअप घेता येतो. तो परत टाकल्यावर स्टीम फाइली तपासतं आणि फक्त फरक उतरवतं. 2023 पासून एकाच राउटरवरच्या दोन संगणकांमध्ये स्टीम गेमच्या फाइली थेट पाठवूही शकतं. त्या फाइली घरातल्या घरात फिरतात, कोटा लागत नाही.

भाच्याला मी सांगितलं ते असं. एकट्याने खेळायचा, पूर्ण झालेला आणि पुन्हा पुन्हा खेळावासा वाटणारा गेम दोन्ही दुकानांत असेल, तर इन्स्टॉलर देणाऱ्या दुकानातून घे, थोडा महाग पडला तरी. बाकीचे स्टीमवर चालतील, दिवसा 600 केबीची मर्यादा ठेवून. ‘विचर 3’ त्याने जीओजीवर घेतला, आणि त्या महिन्याच्या कोट्यातून त्यासाठी एक जीबीही गेला नाही.